ब्रदर नव्हे, दादा

दिंद्रुडच्या स्टँडवर कंडक्टर एका म्हातारीला म्हणाला, "मावशी, पुढं सरका." कदम सरांनी त्याला तिथंच अडवलं. "मावशी कावून? आत्या कावून न्हाई?"

"आत्या बापाकडची, सर. ती रागावती, मावशी लाड करती."

सरांनी बसमध्येच वही काढून ते टिपून घेतलं.

सर इंग्रजीचे निवृत्त मास्तर. माझ्या समोरच्या घरात एकटेच राहतात. मी दूध संस्थेतला कारकून. दुष्काळावरची माझी एक कथा दिवाळी अंकात आली आणि सरांनी ती इंग्रजीत न्यायला घेतली.

कथा साधी होती. सोसायटीच्या चारा छावणीत गयाबाई सेक्रेटरीला रोज 'साहेब' म्हणते. यादीत नाव नाही म्हणून तिचे बैल परत पाठवतात, त्या दिवशी तिच्या तोंडून निघतं, "दादा, बैलं उपाशी हायेत." सेक्रेटरी उठतो आणि फाटक उघडतो.

सर दोन महिने तिथंच अडले.

"इंग्रजीत काका, मामा, मावशीचा नवरा, सगळे अंकल. आख्खं गणगोत एका पोत्यात!" म्हणून त्यांनी काका, ताई तसेच ठेवले. परके शब्द म्हणून त्यांची अक्षरं तिरपी केली नाहीत, शेवटी शब्दार्थही दिले नाहीत. कथेतल्या शेजारणीचं 'विमलताई' एकाच शब्दात जोडून लिहिलं. "हाक मारताना मधी कुणी थांबतं का बे?"

अडचण 'दादा'ची होती. 'ब्रदर' लिहावं, तर चर्चमधला वाटतो. 'दादा' ठेवावं, तर उत्तरेकडच्याला आजोबा वाटतो, मुंबईकराला गुंड. शेवटी सरांनी माझ्याकडं कथेत दोन ओळी घालायची परवानगी मागितली. सुरुवातीला गयाबाईचा थोरला भाऊ ऊसतोडीला निघतो आणि ती म्हणते, "दादा, पोचल्यावर निरोप धाडा." थोरला भाऊ मागं वळून बघतो. बस्स, एवढंच.

"वाचकाला शब्द आधी घरात भेटू दे," सर म्हणाले. "मंग दारात वळखतो."

भाषांतर दिल्लीच्या एका मासिकाला धाडलं. तिथल्या संपादकाचं पत्र आलं: 'ब्रदर' करा, नाहीतर छापता येणार नाही.

"मंग नका छापू," सर म्हणाले. इंग्रजीत यायची माझी पहिलीच वेळ होती, मी लई चिडलो. सरांनी चार पानी उत्तर धाडलं: साहेबापासून दादापर्यंत येणं हीच कथा हाय, ते काढलं तर उरतो नुसता चारा. संपादकानं निमूट छापलं.

अंक आला तेव्हा सरांनी मला शेवटचा संवाद मराठीत वाचून दाखवायला घेतला. 'दादा'पाशी त्यांनी अंक मिटला. मग हळूच सांगितलं, तलवाड्याला त्यांची धाकटी बहीण आहे. जमिनीच्या वाटणीवरून बिनसलं, तेव्हापासून ती त्यांना 'सर' म्हणते.

दुसऱ्या दिवशी अंक पिशवीत घालून सर तलवाड्याला गेले. संध्याकाळी परतले. मी विचारलं, "काय म्हणाल्या?"

"सरच म्हणाली." त्यांनी चप्पल काढली, रांजणातलं पाणी घेतलं, घटाघट प्याले.

"पर एसटी सुटंस्तोवर उन्हात हुबी होती."