सूर्योदयाकडे पाठ

सासऱ्यांचा फोन आला तेव्हा भटक्या डोक्यावरून पांघरूण घेऊन गाढ झोपला होता. वाचक त्याला भटक्या म्हणत. 'पहाटेचे पाय' नावाचा त्याचा प्रवासाचा ब्लॉग होता आणि जगात कुठेही सूर्य उगवत असला, की हा गडी तिथे हजर असतो, अशी वाचकांची ठाम समजूत होती. घरात मात्र त्याला उठवायला बायकोला खिडकी उघडणं, पंखा बंद करणं आणि शेवटी उशी ओढणं, हे सगळं क्रमाने करावं लागे.

आज ती थेट उशीवर आली. "ऊठ. बाबांचा फोन आहे. आवाज बरा वाटत नाहीये."

भटक्याने फोन कानाला लावला. "हं बाबा, पोचलात का तळ्यावर?"

"जावईबापू," सासरे अगदी सावकाश म्हणाले, "सूर्य कुठे आहे?"

झोपेतल्या माणसाला विचारायचा हा प्रश्न नव्हे. तो गोंधळून म्हणाला, "वर असेल की."

"वर आहेच हो! पण उगवला कुठून, ते विचारतोय मी. आमच्या पाठीमागून उगवला!"

इथे सासऱ्यांविषयी सांगायला हवं. ते भूगोलाचे निवृत्त मास्तर. सगळी हयात त्यांनी मुलांच्या डोक्यात दिशा भरल्या होत्या. जावई ब्लॉग लिहितो हे कळल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला होता, "ते ठीक, पण करतात काय?" आणि तो प्रश्न पुढे बरीच वर्षं प्रत्येक जेवणाच्या वेळी पानाशेजारी येऊन बसत असे. पण गेल्या महिन्यात चमत्कार झाला. भटक्याने टाकलेला तळ्यावरच्या सूर्योदयाचा फोटो मास्तरांनी पाहिला आणि चक्क म्हणाले, "हे मात्र छान केलंत." बायको म्हणाली, आज सूर्य पश्चिमेला उगवला वाटतं. मास्तर तेवढ्यावर थांबले नाहीत. सकाळी फिरायला जाणाऱ्या मित्रमंडळींना त्यांनी तो फोटो दाखवला, आमच्या जावयाने काढलाय म्हणून चार वेळा सांगितलं, आणि सगळ्यांना घेऊन काल त्या तळ्यावर मुक्कामाला गेले.

"काय झालं ते नीट सांगा ना, बाबा."

"काय सांगायचं, कपाळ! अंधारात सगळ्यांना उठवलं. धक्क्यावर खुर्च्या मांडल्या, तुमच्या फोटोत सूर्य आहे अगदी तिकडे तोंडं करून. थोड्या वेळाने समोर गुलाबी पट्टा दिसायला लागला. मी म्हटलं, बघा, आला! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि तो पट्टा खाली खाली सरकत विरून गेला. सूर्य नाहीच! आम्ही आपले बसलोय वाट बघत. मग वकीलसाहेब म्हणाले, मास्तर, माझी मान का हो भाजतेय?"

वकीलसाहेब म्हणजे मंडळींतले निवृत्त वकील. खटले संपले तरी उलटतपासणी संपली नव्हती.

"मागे वळून बघतो तर सूर्य डोंगरावर हातभर वर आलेला! धक्का पश्चिमेकडे तोंड करून आहे, जावईबापू. माझ्या रात्रीच लक्षात आलं होतं."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

मास्तर हळू आवाजात म्हणाले, "म्हटलं, आपलं चुकत असेल. जावयाचा फोटो खोटा कसा असेल?"

हे वाक्य भटक्याला लागलं. ओरडले असते तर बरं झालं असतं असं त्याला वाटलं.

"आता वकील म्हणतोय, भूगोलाच्या मास्तरने आम्हाला पश्चिमेकडे सूर्योदय दाखवला. गावभर करणार तो हे. तुम्ही फोटोचं काय केलंत ते तुमच्या त्या ब्लॉगवर लिहा. सगळ्यांना दिसेल असं." आणि फोन बंद झाला.

बायको हाताची घडी घालून उभी होती. "मी म्हणत होते, आकाशाशी खेळू नकोस."

"अगं, सगळेच बदलतात!"

"सगळ्यांचे सासरे भूगोल शिकवत नाहीत."

भटक्या तोंड धुवून लॅपटॉपपुढे बसला. त्याने लिहिलं, 'प्रिय वाचकहो, काही तांत्रिक कारणांमुळे काही छायाचित्रांतील आकाशात किरकोळ बदल करण्यात आले आहेत. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.'

बायकोने खांद्यावरून वाचलं. "ही पाणी येणार नाही त्याची सूचना आहे का? केलं कोणी? 'करण्यात आले' म्हणे! आपोआप झालं का ते?"

"मग काय लिहू?"

"मला सांग काय केलंस ते. जसं सांगशील तसं लिही."

मग त्याने चहाच्या कपावर ताटली ठेवली आणि सांगायला घेतलं. "हे बघ, पहाटे आकाश उजळलेलं असतं आणि जमीन काळोखात. आपले डोळे दोन्हीकडे सांभाळून घेतात, कॅमेऱ्याला ते जमत नाही. जमीन दिसेल एवढा उजेड आत घेतला तर आकाश पांढरंफटक पडतं. आकाश सांभाळावं तर झाडं, होड्या, माणसं, सगळ्याचा कोळसा. म्हणून कॅमेरा तीन पायांच्या तिकाटण्यावर घट्ट बसवायचा, एक फोटो आकाशासाठी घ्यायचा, एक जमिनीसाठी, आणि घरी येऊन दोन्ही जोडायचे."

"यात खोटं काय आहे? जे दिसलं तेच आहे की."

"यात नाही गं." तो ताटलीशी चाळा करू लागला. "पण कधीकधी आकाशात काही नसतंच. ढग नाही, रंग नाही, नुसता धुतलेला पंचा. मग दुसऱ्या दिवशीचं आकाश आणून चिकटवायचं. प्रोग्राम आकाश आपोआप वेगळं करतो, झाडांच्या फांद्यांमधून जुनं आकाश डोकावतं तेवढं हाताने साफ करावं लागतं. मग जमिनीवर जरा केशरी छटा द्यायची, नाहीतर वर पहाट आणि खाली दुपार असं दिसतं. पाणी असेल तर तेच आकाश उलटं करून पाण्यात घालायचं, जरा गडद, जरा फिसकटलेलं."

"आणि तळ्याच्या वेळी आकाशात काही नव्हतं?"

"नव्हतं."

"कारण?"

"कारण... मी पोचलो तेव्हा लोकांची न्याहारी झाली होती."

बायको हसली नाही, पण तिला फार प्रयत्न करावा लागला. "आणि चिकटवलेलं आकाश कुठलं?"

"आपल्या गच्चीवरचं. संध्याकाळचं. मावळतीचं आकाश उगवतीचं म्हणून सहज खपतं."

"म्हणजे मावळता सूर्य, पश्चिमेलाच, पण सकाळी!" ती म्हणाली. "लिही. हे सगळं असंच्या असं लिही."

त्याने लिहिलं. जोडणं काय, चिकटवणं काय, सगळं उलगडून सांगितलं. शेजारी मूळ फोटोही टाकला, पांढऱ्याफटक आकाशाचा. खाली लिहिलं, 'नीट पाहिलंत तर माझी चोरी तुम्हीच पकडाल. सूर्य समोर असता तर होड्यांच्या सावल्या आपल्याकडे पडल्या असत्या. इथे त्या सूर्याकडे धावत निघाल्या आहेत, कारण खरा सूर्य माझ्या पाठीशी होता. आकाश बदलता आलं, सावल्या बदलायचा कंटाळा केला. या फोटोवर विसंबून माझे सासरे मित्रांना घेऊन तिथे गेले. दिशा त्यांना बरोबर ठाऊक होती. त्यांनी स्वतःपेक्षा माझ्यावर विश्वास ठेवला. चूक सर्वस्वी माझी. यापुढे जोडलेल्या फोटोखाली 'जोडलेला' आणि बदललेल्या आकाशाखाली 'आकाश आमच्या गच्चीचं' असं लिहीन.'

बटण दाबलं आणि प्रतिक्रियांचा जो काही पाऊस सुरू झाला! एकाने लिहिलं, धन्यवाद, निदान खरं बोललात. दुसऱ्याने लिहिलं, मी त्या सूर्योदयासमोर बायकोला मागणी घालणार होतो, आता काय करू? तिसऱ्या बाईंनी तर जुने सगळे फोटो उकरून काढले आणि जाहीर केलं, की तळ्यावर, किल्ल्यावर आणि समुद्रावर एकच बदकासारखा ढग आहे, आणि किल्ल्यावर तो आरशात पाहिल्यासारखा उलटा केलाय.

बायकोने तिन्ही फोटो शेजारी शेजारी लावून पाहिले. "या बदकाला किल्ल्यावर नेलंस, समुद्रावर नेलंस. मला एकदा तरी नेलंस का रे?"

भटक्याने तिन्ही फोटो घाईघाईने बंद केले. तेवढ्यात फोन वाजला आणि तो सुटला असं त्याला वाटलं. तो सुटला नव्हता.

"जावईबापू," मास्तर घाईघाईने कुजबुजत होते, "ते लिहायचं राहू द्या हं. इकडे सगळं जमलंय. अहो, तो गुलाबी पट्टा काय होता, माहितीये? सूर्य उगवायच्या आधी पृथ्वीची सावली समोरच्या आकाशात पडते. खाली निळसर करडी सावली, तिच्यावर गुलाबी पट्टा. सूर्य वर येतो तशी सावली खाली बुडते. मी मंडळींना सांगितलं, सूर्य काय, कोणीही दाखवेल, मी तुम्हाला मुद्दाम पाठमोरं बसवलं ते हे बघायला! वकीलसुद्धा गप्प झालाय. तेव्हा जावईबापू, तुम्ही काही लिहू नका."

भटक्याने बायकोकडे पाहिलं. बायकोने छताकडे पाहिलं.

"बाबा... मी लिहिलंय."

"किती जणांनी वाचलं?"

उत्तर द्यायची गरज पडली नाही. पलीकडून वकीलसाहेबांचा खणखणीत आवाज आला. ते मोठ्याने वाचत होते, "'दिशा त्यांना बरोबर ठाऊक होती. त्यांनी स्वतःपेक्षा माझ्यावर विश्वास ठेवला.' काय हो मास्तर, मुद्दाम बसवलं होतंत ना पाठमोरं?"

भटक्याने डोळे मिटून घेतले. झालं! केलेल्या चुकीने सासऱ्यांची मान खाली गेली होती, आणि चूक कबूल केल्यावर उरलेलं नाकही गेलं.

मग मास्तरांचा घसा खाकरल्याचा आवाज आला. "नव्हतं बसवलं मुद्दाम," ते म्हणाले, आणि हे ते फोनवर नाही, मंडळींना सांगत होते. "फसलो मी. पृथ्वीची सावली जन्मभर फळ्यावर काढली, पोरांकडून पाठ करून घेतली. आज पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिली, आणि ओळखली नाही. सूर्य समजून टाळ्या वाजवल्या."

"आम्हीही वाजवल्या," वकीलसाहेब म्हणाले. आवाजातला खणखणीतपणा कुठे गेला होता कोण जाणे. "उद्या पुन्हा दाखवता का? नीट समजावून. खुर्च्या मी मांडतो."

फोन तसाच चालू ठेवून मास्तर खुर्च्यांच्या चर्चेत रमून गेले. बायकोने तो हळूच बंद केला आणि डोळ्यांच्या कडा पुसत म्हणाली, "तुझ्या चुका पण नशीबवान आहेत हं."

दुसऱ्या दिवशी सकाळी भटक्या उठला तेव्हा सासऱ्यांनी पाठवलेला फोटो आला होता. क्षितिज तिरकं. तळं निम्मं कापलेलं. समोरच्या टेकड्यांवर फिकट निळी सावली आणि तिच्यावर जेमतेम दिसणारा गुलाबी पट्टा. डाव्या कोपऱ्यात भलामोठा अंगठा. खाली लिहिलं होतं, 'ब्लॉगवर घालता येईल का? आकाशाला हात लावायचा नाही. अंगठा मात्र काढून टाका.'

भटक्याने प्रोग्राम उघडला. अंगठा काढायला एक मिनिट लागलं असतं. त्याने प्रोग्राम बंद केला, फोटो होता तसा ब्लॉगवर टाकला आणि खाली लिहिलं, 'आकाश खरं. अंगठाही खरा. दोन्ही आमच्या सासऱ्यांचे.'

मग त्याने आत हाक मारली, "अगं, उद्या पहाटे उठशील का? तळ्यावर जाऊ या."

बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि त्याच्याकडे बघतच राहिली. "मी तर उठेन रे," ती म्हणाली. "पण तुझी उशी बरोबर घेऊ का?"