वडाला बांधलेली स्कूटर

यंदाची वटपौर्णिमा आपण घड्याळ लावून पार पाडणार, असं हेमांगी बोत्रेनं आठवडाभर आधीच ऑफिसात जाहीर केलं होतं. साडेसहाला वड, साडेआठला घर, पावणेदहाला हजेरी, अकराला स्कूटरची विक्री. बाकीच्या बायका जेवणाच्या सुट्टीत कुंडीतल्या रोपाला फेऱ्या मारणार होत्या, एकीनं तर कागदावर वड काढून आणला होता. हेमांगीला हे पटत नसे. उपास करायचा तर खऱ्या वडाचा, हे तिच्या सासूबाईंचं वाक्य तिनं आता स्वतःचं करून टाकलं होतं.

यातलं खरं महत्त्वाचं काम अकराचं. तिच्या नवऱ्याची, विश्वासरावांची ती स्कूटर लग्नाआधीपासूनची. चालू करण्याआधी एका बाजूला कलंडवायची, मग सात-आठ किका मारायच्या, मग दोन मिनिटं तिची समजूत काढायची. हेमांगीनं चोवीस वर्षं मागे बसून हे पाहिलं होतं. या महिन्यात कसेबसे ते विकायला तयार झाले. दुधाचा धंदा करणारे खुडे ती न्यायला ऑफिसच्या दारात येणार होते. आज नाही तर कधीच नाही, हे ती पक्कं जाणून होती.

सकाळी विश्वासरावांनी तिला नदीकाठच्या वडाशी सोडलं, स्कूटर बुंध्याला टेकवून उभी केली आणि ते चहाला गेले. खाली सगळा चिखल. हेमांगीनं पूजेचं ताट सरळ सीटवर ठेवलं. मुळाशी पाणी घातलं, हळदकुंकू, अक्षता, फुलं वाहिली, पाच फळं ठेवली, आंबा पुढे केला. मग पांढऱ्या सुताचं रीळ घेऊन वड उजव्या हाताला ठेवत सात फेरे मारले, मनात सावित्रीचा जप करत. मन लावून मारले, हे तिचं चुकलंच. बुंध्याबरोबर स्कूटरही गुंडाळली जातेय, हे तिच्या ध्यानातच आलं नाही.

पहिलीनं घातलं तसं मागच्या सगळ्यांनी घातलं. गुरुजी गोष्ट सांगत होते, "यम म्हणाला, नवऱ्याचा प्राण सोडून काय हवं ते माग. मग सावित्रीनं सासऱ्याची दृष्टी मागितली, राज्य मागितलं, बापाला शंभर पुत्र मागितले, शेवटी स्वतःला शंभर मागितले. यम म्हणाला तथास्तु, आणि स्वतःच्या शब्दात अडकला." गोष्ट संपल्यावर हेमांगीनं पाच जणींच्या ओट्या गव्हाआंब्यानं भरल्या आणि वळून पाहिलं. हँडलपासून मागच्या चाकापर्यंत स्कूटर पांढरीशुभ्र. वरून कुणीतरी दिव्यालाही हळदकुंकू लावलेलं.

"अहो, ही सोडवा," ती चहावरून परतलेल्या नवऱ्याला म्हणाली. विश्वासरावांनी खिशातून किल्ल्यांच्या जुडग्याला अडकवलेली छोटी कात्री काढली, तशा चाळीस बायका एकदम पुढे आल्या.

"दादा, हात लावायचा नाही. माझ्या मालकांचं आयुष्य आहे त्यात," एक म्हणाली.

"माझ्याच सुताला लागली तर?" दुसरी म्हणाली. "ह्यांना आधीच बीपी आहे."

"गुरुजी, तुम्हीच सांगा," हेमांगी काकुळतीला आली.

गुरुजींनी ताटातल्या दक्षिणा गोळा करत सावकाश सांगितलं, "शास्त्रात स्कूटरचा उल्लेख नाही हो. उद्या सकाळी उपास सुटेपर्यंत मी तरी कापा म्हणणार नाही."

साडेनऊला तिनं खुड्यांना फोन लावला आणि वडापाशीच बोलावून घेतलं. जागा बदलली तरी व्यवहार आजच उरकू. खुडे आले, पण गर्दीत त्यांची बायको कलावती निघाली.

"ही गाडी आपण घेणार?" ती नवऱ्याला म्हणाली. "अहो, माझे सात फेरे आहेत हिच्यावर. माझा जन्मोजन्मीचा नवरा मागायला बांधलंय मी सूत. ही घरी आणून तिला दुधाचे कॅन टांगायचे? लोक काय म्हणतील?"

खुड्यांनी हेमांगीकडे पाहिलं, मग बायकोकडे, मग चप्पल घातली. "वहिनी, राहू द्या," म्हणाले. "घरात वाद नको."

हेमांगीला रडूच आलं. पोटात सकाळपासून काही नाही, हजेरी हुकलेली, चोवीस वर्षांची कटकट पुन्हा पदरात. "तुम्हाला हसू येतंय ना?" ती नवऱ्याला म्हणाली.

"नाही गं," विश्वासराव म्हणाले. त्यांचा चेहरा मात्र यमाला हरवल्यासारखा झाला होता. "मी काही मागितलं का? सूत तू गुंडाळलंस."

दुसऱ्या दिवशी सकाळी उपास सोडून दोघं वडाशी गेली. विश्वासरावांनी सूत हळूहळू उकललं, गाडी कलंडवली, किक मारली. पहिल्याच किकेत स्कूटर चालू झाली. हेमांगीनं मागे बसून पदर सावरला.

"अहो," ती म्हणाली, "मी काल नवराच मागितला होता, हिला नाही."

"ते वडाला सांग," विश्वासराव म्हणाले. "आता सात जन्म तिघं."