तात्यांचे तेहेतीस टक्के

तात्या निकम सायकलवरून जाताना किलोमीटरच्या प्रत्येक दगडाला घंटी वाजवून सलाम ठोकत. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेला हा गडी दगडांपुढे एवढा नम्र का, असं विचारलं तर म्हणत, "रस्ता मोजून देतोय गड्या त्यो. मान द्याया नको?" उन्हातही कॉलरचं बटण लावलेलं असे, आणि कुणी पुढे गेलं की ओरडत, "जा रं, म्होरं चहा थंड हुतोय!"

आमच्या सांगलीच्या सायकल क्लबात दिवाळीनंतर चाचणी असे. सांगली ते तासगाव आणि परत, पन्नास किलोमीटर. वेळेची वही माझ्याकडे. त्या वर्षी सरासरी वेगात सर्वांत जास्त सुधारणा करणाऱ्याला कप ठेवला होता आणि भाषण माझं होतं.

मी फळ्यावर आकडे मांडले. "आपल्या सलीम अत्तारला गेल्या वर्षी अडीच तास लागले, म्हणजे ताशी वीस. यंदा दोन तास, म्हणजे पंचवीस. तात्यांना गेल्या वर्षी तीन तास वीस मिनिटं, म्हणजे पंधरा. यंदा अडीच तास, वीस. वाढ दोघांची पाचच. पण टक्के काढताना भागायचं जुन्या वेगानं. विसावर पाच म्हणजे पंचवीस टक्के. पंधरावर पाच म्हणजे तेहेतीस. कप तात्यांचा!"

"सायेब, मी तात्यांच्या आधी अर्धा तास पोचलो की!" सलीम म्हणाला. लोक हसले.

"कप वेगाला नाही, सुधारणेला आहे," मी म्हणालो.

तात्या उठले, पण पुढे आले नाहीत.

"सायेब, गेल्या साली मी पन्नास मिन्टं थांबलोवतो. ती धरली का?"

"धरली. निघाल्यापासून पोचेपर्यंत सगळा वेळ धरतात. कुठं थांबलात?"

"तासगावात, अक्काकडं. दारावरनं तसाच गेलो असतो तर वरीसभर बोलली नसती. औंदा थांबायला कोण हाय? श्रावणात गेली ती." मांडीवर थाप मारून म्हणाले, "पाय त्येच हायेत."

मी फळ्याकडे वळलो. तीन तास वीसमधून पन्नास मिनिटं वजा, अडीच तास. चालता वेग तेव्हाही वीस, आताही वीस. सुधारणा शून्य.

"नियमानं कप तुमचाच होतो," मी म्हणालो.

"अक्का गेली म्हून कप? न्हाई सायेब. सलीमला द्या."

सलीम घेईना. तात्यांनीच कप उचलून त्याच्या हातात कोंबला. "धर रं. दम तुझाच हाय."

पुढच्या रविवारी मी तात्यांबरोबर निघालो. तासगावात एका वळणावर ते घुटमळले. पाय भरून आल्याचं सांगून मी त्यांना जवळच्या हॉटेलात बसवलं. ते अक्काबद्दल बोलू लागले. ती बहिरी होती. तिला सगळं मोठ्यानं, दोनदा सांगावं लागे. मलाही ते तसंच सांगत होते. आजूबाजूचे लोक वळून बघत होते.

मला नीट ऐकू येतं, हे मी त्यांना सांगितलं नाही.