कांदा सोडलेल्या गावातली भजी

हिंदुराव शेलारनं दुपारीच पाटी लिहून हॉटेलाच्या खांबाला बांधली आणि वरून प्लॅस्टिकचा कागद गुंडाळला. पाटीवर लिहिलं होतं : 'बाहेर पाऊस, आत कढई! आल्याचा, गवती चहाचा वाफाळता कप आणि कढईतून थेट ताटलीत कुरकुरीत कांदाभजी. आज संध्याकाळचं खास.' मागं सरून त्यानं ती स्वतःच दोनदा वाचली. दुसऱ्यांदा वाचताना त्याच्या तोंडाला पाणी सुटलं आणि तो पटकन दुसरीकडं बघायला लागला. कारण त्यानं कांदा सोडला होता.

हा सोडण्याचा प्रकार एकादशीचा. गावच्या विठ्ठलमंदिरात शिवणकरबुवांचं कीर्तन रंगलं होतं. टाळ टिपेला पोचलेले, मृदंगावर थाप पडलेली, आणि बुवा गहिवरून म्हणाले, "चार महिने देव निजणार. त्याच्या उशाशी आपलं सगळ्यांत आवडतं काहीतरी ठेवा. एकच ठेवा, पण मनापासून." झालं. हिंदुरावाच्या डोळ्यांतून धारा लागल्या आणि तो उभा राहून मोठ्यानं म्हणाला, "बुवा, मी कांदा सोडला!" भजीवाल्यानं कांदा सोडला म्हटल्यावर मंडपाला भरून आलं. पुढच्या पाच मिनिटांत अख्ख्या गावानं कांदा सोडला. ज्यांना कांदा आवडतच नव्हता त्यांनीसुद्धा सोडला.

गावानं कांदा सोडला तरी रस्त्यानं थोडाच सोडला होता! घाटानं येणाजाणाऱ्यांना कांदा चालत होता. अडचण निराळीच होती. वळणापलीकडं उन्हाळ्यात एकानं नूडल्सची टपरी घातली होती, रंगीत दिवे लावले होते, आणि वीस वर्षं हिंदुरावाकडं थांबणारी संध्याकाळची लाल गाडी आता तिकडं थांबत होती. काल हिंदुरावानं ड्रायव्हर कांबळ्यांना रस्त्यातच गाठलं. कांबळे म्हणाले होते, "उद्या थांबवतो तुझ्याकडं. पॅसेंजरनी नावं ठेवली नाहीत तर रोज थांबवीन. ठेवली तर पुन्हा हात करू नकोस."

म्हणून आजची भजी साधी नव्हती. आजच्या भज्यांवर पुढचा सगळा पावसाळा उभा होता.

हिंदुरावाची बायको अनसूया दुपारपासून कांदे चिरत बसली होती. उभे, पातळ, कागदासारखे. चिरून झाल्यावर तिनं पाकळ्या हातानं सुट्या केल्या, वर मीठ भुरभुरवलं आणि चोळून परात झाकून ठेवली. कांद्याला पाणी सुटलं की त्याच पाण्यात पीठ भिजवायचं, वरून पाण्याचा थेंब घालायचा नाही. ही त्यांच्या भज्यांची रीत. मग ती चहाकडं वळली. आलं ठेचून, गवती चहाच्या पाती गाठ मारून तिनं पाण्यात टाकल्या. वास असा उठला की बाहेर पडणारा पाऊससुद्धा जरा आत वाकून बघतोय असं वाटावं.

इतक्यात हिंदुराव पाटीवरचा कागद पुसून आत आला. परात उघडली. कांद्यावर डाळीचं पीठ भुरभुरवलं, तांदळाच्या पिठाची मूठ टाकली, ओवा तळहातावर चुरडला, तिखट, हळद, कोथिंबीर घातली. आणि मग गाडीच्याच विचारात डब्यातून मूठभर मीठ घेऊन परातीत सोडलं.

अनसूयेनं चहाचा चमचा हवेतच थांबवला. तोंड उघडलं. मग मिटलं आणि पुन्हा चहा ढवळायला लागली.

"काय गं?" हिंदुरावानं विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली.

मिश्रण जरा सैल पडलं. दमट हवेचा परिणाम, असं स्वतःशी म्हणत हिंदुरावानं आणखी पीठ घातलं. कढईतलं तेल तापलं. त्यातलं पळीभर कडकडीत मोहन परातीत ओतलं, चर्र झालं. पिठाचा एक कण तेलात सोडला. तो बुडाला आणि लगेच बुडबुडे काढत वर आला. आता हिंदुरावाचा हात सुरू झाला. मूठ तेलावर धरायची आणि बोटं सैल सोडायची, म्हणजे कांद्याच्या पाकळ्या विस्कटून पडतात आणि प्रत्येक टोक वेगळं कुरकुरतं. घाण्याचा आवाज आधी धबधब्यासारखा, मग रिमझिमीसारखा. आवाज उतरला की भजी झाली. झाऱ्यानं त्यानं सोनेरी ढीग काढला, सोबत चिरा दिलेल्या मिरच्या तळून त्यांना मीठ लावलं.

त्याच वेळी मोटारसायकलवरून भिजत आलेलं एक जोडपं आडोशाला शिरलं. हिंदुरावानं वाफाळती ताटली पुढं केली. तरुणानं भजी तोंडात टाकली आणि त्याचा चेहरा एकदम विचारी झाला. त्यानं न बोलता तांब्या उचलला. मग मुलीनं उचलला. मग त्यानं पुन्हा उचलला. भरल्या पावसात ती दोघं निघून गेली, चहासुद्धा न घेता.

"मीठ," हिंदुराव पुटपुटला. "मीठ जास्त झालंय."

आता चाखायला हवं होतं. पण चाखायचं कुणी? त्याचा हात तोंडापर्यंत गेला आणि डोळ्यांसमोर बुवा उभे राहिले. हात खाली आला. बाहेर दुधाचा कॅन घेऊन गणपा चालला होता. हिंदुरावानं त्याला आत ओढलं, तर गणपानं कानाला हात लावले. "दादा, तुझ्यामुळं सोडला की. आता तूच खायला लावतोस?" पोस्टमन आला, त्यानंही सोडलेला. शेजारचा पंक्चरवाला मौला तेवढा राहिला होता. हिंदुराव भिजत त्याच्याकडं धावला.

"मौलाभाई, तू तर कीर्तनात नव्हतास. एक भजं चाख."

मौलानं ट्यूब खाली ठेवली. "नव्हतो. पण सगळ्या गावानं सोडला म्हणून मीबी सोडला. एकट्यानं कांदा खाल्ला तर बरं दिसतं का?"

हिंदुरावाला रडावं की त्याला मिठी मारावी हे कळेना. मौलानंच तोड काढली आणि तो हिंदुरावाबरोबर हॉटेलात आला. पायरीवर बसलेल्या तांबू कुत्र्यापुढं त्यानं कढईजवळचं एक भजं टाकलं. तांबूनं हुंगलं, जिभेनं टोक चाटलं, आणि तिथंच सोडून डबक्याकडं गेला. बराच वेळ पाणी पीत राहिला.

"बघ," मौला गंभीरपणे म्हणाला. "कुत्र्यालाबी मीठ कळलं."

"गाडीला अर्धा तास आहे," हिंदुराव म्हणाला. "काय करू?"

"आणखी कांदा घाल, बिनमिठाचा. अनसूयावहिनी, चिरा."

अनसूया तोवर विळीवर बसलीसुद्धा होती. तिचे हात असे चालले की मौलानं एक पाऊल मागं घेतलं. बिनमिठाचा कांदा परातीत पडला तसं आधीच्या मिठानं त्यालाही पाणी सुटलं आणि पीठ पुन्हा सैल झालं. पीठ घातलं, तर कांदा कमी वाटायला लागला. कांदा घातला, तर पीठ कमी. परात भरली, म्हणून घमेलं आलं. घमेलं भरलं, तेव्हा मौलानं त्याच्याकडची प्लॅस्टिकची बादली घासून आणून दिली. हिंदुरावाच्या कोपरापर्यंत पीठ चढलं. पाऊस पत्र्यावर मृदंग वाजवत होता, चहा उकळत होता, डोळ्यांतून कांद्याचं पाणी वाहत होतं, आणि तरीही मीठ उतरलं की नाही हे त्या साऱ्या गोंधळात कुणालाच ठाऊक नव्हतं. दोनचार गावांना जेवू घालता येईल एवढं मिश्रण होतं आणि चाखणारा एकही नव्हता.

"विठ्ठला," हिंदुराव म्हणाला, "जिभेचा एखादा माणूस धाड."

वळणावर दिवे दिसले. गाडी आली. घाटाखालून येताना भिजलेले, दरवळानं आधीच चेकाळलेले पॅसेंजर उतरले आणि सगळ्यात शेवटी, उपरण्यानं डोकं झाकत, शिवणकरबुवा.

हिंदुरावानं झारा बाजूला ठेवला. ज्यांच्यासमोर कांदा सोडला, ते पाहुणे थेट त्याच्या बादलीभर कांद्यापुढं उभे. त्यानं बादलीवर गोणपाट टाकलं आणि पाया पडला.

बुवांनी डोळे मिटून नाकानं दीर्घ श्वास घेतला. "हिंदुराव, हा वास घाटाखालपासून येतोय. एक ताटली द्या."

"बुवा, ही... कांद्याची आहेत."

"मग बटाट्याची मागितली का मी?"

हिंदुरावानं गोणपाट सारून नव्या पिठाचा घाणा काढला आणि ताटली पुढं गेली. अख्खी गाडी थांबून बघत होती, कांबळे ड्रायव्हर सगळ्यांत पुढं. बुवांनी भजं फुंकलं, दोन बोटांत धरलं, कुर्र केलं. मग दुसरं. मग तळलेली मिरची.

"मीठ," बुवा म्हणाले, आणि थांबले. गाडीतल्या एका म्हातारीनंही हात थांबवला. "मीठ अगदी मोजून पडलंय. असं भजं मी बऱ्याच वर्षांत खाल्लं नव्हतं."

मग जी झुंबड उडाली, तिचं वर्णन टाळमृदंगाशिवाय करता येणार नाही. घाणे उतरत होते आणि ताटल्या हवेतच रिकाम्या होत होत्या. चहाचे कप हातोहात फिरत होते. कांबळ्यांनी स्वतः दुसरी ताटली मागितली आणि तोंड भरलेलं असताना म्हणाले, "उद्यापासून इथंच."

बुवांनी मात्र चहाचा कप हळूच बाजूला सारला. "मला कोमट पाणी चालेल. मी चहा सोडलाय."

हिंदुरावानं झारा कढईवर ठेवला. "तुम्ही चहा? आणि आम्ही सगळ्यांनी कांदा?"

"कांदा सोडा, असं मी कुठं म्हणालो? सगळ्यांत आवडतं म्हणालो. चहाशिवाय माझं कीर्तन सुरू होत नव्हतं, म्हणून चहा ठेवला विठ्ठलाच्या उशाशी. तुम्ही उभे राहून ओरडलात, मंडप तुमच्यामागं गेला. मी काय करणार?" बुवा हसले. "हिंदुराव, खरं सांगा, कांदा तुमचा इतका लाडका होता?"

हिंदुरावानं झारा पुन्हा उचलला आणि घाणा उलटला. वीस वर्षं भजी तळली, पण स्वतः किती खाल्ली हे त्याला आठवेना. तरी बोललेलं बोलून गेलं होतं, आता चार महिने पाळायला लागणार होतं. मग त्याला काहीतरी सुचलं. तो अनसूयेकडं वळला. ती कप विसळत होती.

"तू काय सोडलंस गं? तूही मंडपात होतीस."

अनसूयेनं कप ताटात उपडा घातला. "मी मनातल्या मनात सोडलंय. सांगायचं नसतं."

"सांग की आता. बुवाच आहेत समोर."

अनसूयेनं बुवांकडं बघितलं. बुवांनी मान डोलावली.

"न विचारता सल्ला देणं सोडलंय," ती म्हणाली. "माझं सगळ्यांत आवडतं तेच होतं."

गाडीतली म्हातारी खुदकन हसली. हिंदुरावाच्या डोक्यात मात्र एकेक गोष्ट खाली बसत होती. हवेत थांबलेला चमचा. उघडून मिटलेलं तोंड.

"म्हणजे तू कांद्याला आधीच मीठ लावलं होतंस."

"रोजच लावते."

"आणि मी वरून मीठ घातलं ते बघत होतीस."

"बघत होते."

"आणि कांदा सोडला नव्हतास. म्हणजे चाखू शकत होतीस."

"तुम्ही गणपाला विचारलंत, पोस्टमनला विचारलंत, मौलाभाईंना विचारलंत," अनसूया म्हणाली आणि पदराला हात पुसून बादलीतल्या उरलेल्या पिठाकडं वळली. "कुत्र्यालासुद्धा विचारलंत."

कांबळ्यांनी भोंगा वाजवला. बुवा उठले, उपरणं सावरलं आणि जाता जाता हिंदुरावाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुमच्या घरात खरं व्रत कुणी धरलंय, ते कळलं."

गाडी पावसात शिरली. शेवटचा घाणा कढईत रिमझिमत होता. हिंदुरावानं झाऱ्यावर एक भजं घेतलं, फुंकर घातली आणि बायकोपुढं धरलं.

"अगं," तो म्हणाला, "मीठ कसं आहे, सांगशील का?"