चौकातला वाटा

पतसंस्थेतले क्लार्क शेखरराव यांनी पथनाट्य लिहायचं ठरवलं, तेव्हा घरात कुणी त्यांना अडवलं नाही. अडवायला हवं होतं. भरे गावच्या चौकात महिला मेळाव्यासाठी नाटक हवं होतं, विषय लेकींचा वारसाहक्क. शेखररावांचं अक्षर चांगलं (ही त्यांची एकमेव वाङ्मयीन पात्रता).

त्याच आठवड्यात त्यांचं दुसरंही एक काम होतं. थोरली बहीण रत्नाक्का सासरहून, नेरे गावाहून येणार, पौडच्या रजिस्ट्रार ऑफिसात हक्कसोडीवर सही करणार आणि वडिलांची सगळी जमीन एकट्या शेखररावांच्या नावावर होणार. अक्कासाठी साडीसुद्धा आणून ठेवली होती. एका हातानं नाटक आणि दुसऱ्या हातानं हक्कसोड. दोन्ही हातांची गाठ पडेल असं त्यांच्या मनातही आलं नाही.

पहिलं वाक्य त्यांनी लिहिलं, "स्त्रियांच्या वारसाहक्काविषयी समाजात आढळणारी उदासीनता ही चिंताजनक बाब असून..."

"काका, तुमच्या 'असून'पर्यंत लोक भाजी घेऊन घरी जातील," चुलतभावाची लेक जान्हवी म्हणाली. ती कॉलेजात पथनाट्यं करायची. "एका श्वासात एक ओळ. वजनाचा शब्द शेवटी. कोरस तोच शब्द परत म्हणणार, म्हणजे डंपर गेला तरी कुणाचं चुकत नाही. चारी बाजूंना माणसं असतात, तेव्हा बोलताना फिरायचं. आणि शेवटी लोकांना प्रश्न विचारला की तोंड बंद. उत्तर येईपर्यंत बंद."

तालमीला प्रेक्षक एकच, बायको गौतमी. ती शेताच्या पार टोकाला उभी राहायची. ऐकू आलं नाही की हात वर. पहिल्या दिवशी तिचा हात खाली आलाच नाही. (लग्नापासून शेखरराव घरात ओठातल्या ओठात बोलत आले होते, त्याचा हा परिणाम.)

मेळाव्याच्या दिवशी जान्हवीनं डफ वाजवला, तिच्या कॉलेजातल्या पोरांनी कोरससाठी गोल धरला. अक्का उद्याच्या सहीसाठी आधीच आली होती. ती गौतमीशेजारी, गर्दीच्या मागे उभी राहिली.

"एका आईची दोन लेकरं!" शेखरराव गरजले.

"दोन लेकरं!" कोरस म्हणाला.

"भावाला दिली जमीन!"

"जमीन!"

"बहिणीला दिलं काय?"

"साडी!"

बायका हसल्या. शेखरराव फिरून दुसऱ्या बाजूला गेले.

"कायदा काय सांगतो? लेकाइतकाच लेकीचा वाटा!"

"लेकीचा वाटा!"

डफ थांबला. शेवटचा प्रश्न आला. "सांगा मंडळी, बहिणीला वाटा द्यायचा का नाही?"

आणि नियमाप्रमाणे त्यांनी तोंड बंद केलं.

चहाच्या टपरीवरून शेजारचे म्हातारे गेणबा अगदी साध्या आवाजात म्हणाले, "मंग उद्या पौडला कशाला चाललाय रं?"

सगळा चौक शेखररावांकडे बघू लागला. स्टेज असतं तर विंगेत तरी पळता आलं असतं. इथं चारी बाजूंना गाव. त्यांनी फिरून पाहिलं, तर समोर अक्का. ती खाली मान घालून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. लहानपणी वडील रागावले की ती हेच करायची, आणि बऱ्याचदा शेखरच्या वाट्याचा मारही तीच खायची.

"द्यायचा," ते पुटपुटले.

मागून गौतमीचा हात वर गेला.

"द्यायचा!"

हात वरच. शेखररावांनी छाती भरून श्वास घेतला. एका श्वासात एक ओळ, वजनाचा शब्द शेवटी.

"वडलांच्या जमिनीतला निम्मा वाटा माझ्या अक्काचा!"

"अक्काचा!" कोरस ओरडला. मागोमाग सगळा चौक ओरडला. गौतमीचा हात खाली आला, तो थेट अक्काच्या खांद्यावर.

घरी आल्यावर अक्का स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसली. मग म्हणाली, "शेखर, म्या कदी वाटा मागितला व्हता का?"

"न्हाई."

"मागितला असता तर दिवाळीला बोलावलं असतंस?"

शेखररावांनी मान खाली घातली. अक्कानंच त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला. "ह्येच भ्या वाटत व्हतं रं मला. जमिनीचं न्हाई, माहेर तुटायचं. आज लई हलकं वाटतंय."

शेखररावांचे डोळे भरून आले. आपण फार मोठं काम केलं असंही त्यांना वाटू लागलं (हा स्वभावदोष). त्यांनी गौतमीला हळूच सांगितलं, "उद्या पौड रद्द. पतसंस्थेतून येताना ती साडी दुकानात परत देऊन येतो."

"कुटली साडी?" अक्कानं विचारलं. शेताच्या टोकाला न पोचणारा आवाज स्वयंपाकघरात मात्र नीट पोचला होता.

"अगं, सहीनंतर तुला द्यायची होती ती. पण आता तुला जमीन मिळाली, तेव्हा साडीची तशी काही..."

अक्कानं शांतपणे हात वर केला.

शेखररावांनी गौतमीकडे पाहिलं. तिचाही हात वर होता. शेखरराव उठले आणि कपाटातून साडी घेऊन आले.