वय वगळून आठ अक्षरं

दळवीकाकांना तुम्ही 'कसं काय?' विचारलंत, तर ते आधी बोटांच्या पेरांवर तुमची अक्षरं मोजतात. "चार झाली. ओळीला अजून चार पाहिजेत," म्हणतात आणि मग तब्येतीचं सांगतात.

चारकोपच्या आमच्या सोसायटीत बारसं असो की लग्न, कविता काकांचीच. त्यांच्या वहीत कविता तयार असतात, फक्त नाव भरायचं. एकदा निवृत्तीची कविता त्यांनी नाव बदलून मुंजीत वाचली होती. बटू रडला.

आमच्या आजीला ऐंशी वर्षं पूर्ण होणार होती. तिने आधीच बजावलं होतं, "वयाचा नाव काढलास तर मी केक कापूचंय नाय!" आणि आजी बोलली की करते.

काकांनी वही उघडली. 'आयुष्याची सांज' गेली. 'पिकलं पान' गेलं. 'शतायुषी हो' हेही गेलं, कारण शंभराच्या वाटेत ऐंशी लागतात. 'प्रेमळ माउली' काकांनी स्वतःच खोडलं, कारण ते मागच्याच महिन्यात सेक्रेटरींच्या सासूला लावलं होतं.

"वाट लागली! अरे, मग आजी दिवसभर करतात काय, ते तरी सांग."

मी सांगितलं. बांगड्यातले काटे काढून घास देते, कुणी रुसलं की गुपचूप खाऊ देते.

"झकास! वय लपवायचं तर हातांचं लिहायचं." पेरं मोजत काकांनी लिहिलं, 'अजूनही काटे काढी'. आठ भरली. पण 'अजूनही' म्हटलं की वय आलंच ना! मी खोडायला लावलं. काकांनी तोंड वाकडं करून पुन्हा पेरं मोजायला घेतली.

वाढदिवसाला काकांनी खणखणीत आवाजात वाचलं:

बांगड्याचे काटे काढी,
घास देई मऊ मऊ;
रुसलेल्या नातवाला
हळूच दे गोड खाऊ.

आजी खुशीत हसली. मी सुटकेचा निःश्वास टाकला, तर पुढे आणखी एक कडवं निघालं. ते मला दाखवलेलंच नव्हतं.

निघालो की गॅलरीत
हात हलवीत राही;
वळणाशी दिसेनासा
होईतो ती आत नाही.

शेवटची ओळ काकांनी वहीत न बघताच म्हटली. मी म्हटलं, "काका, आमचं घर तळमजल्यावर. गॅलरी कुठाय?"

काकांची बोटं पेरांवरच थांबली. दळवीकाकू जाऊन दोन वर्षं झाली, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. रोज सकाळी काका निघाले की काकू आपल्या गॅलरीत उभ्या असायच्या, हे मी स्वतः पाहिलं होतं. मला माझीच लाज वाटली.

"तू गप रव!" आजी माझ्यावर खेकसली. "बरोबर लिवलंत हो तुम्ही. माझाच वर्णन आसा ता." आणि तिने केक कापला.

काका निघाले तेव्हा आजी गुडघे धरत उठली आणि दारात जाऊन उभी राहिली. काकांनी तीनदा मागे वळून पाहिलं. ते वळणाआड जाईपर्यंत तिचा हात वरच होता.