खापरे सर गजाननला मेल करतात

आमच्या शेजारचे खापरे सर वांगी आणायला जातानासुद्धा पाठटाचण काढतात. ज्यांच्या घरात कोणी मास्तर नाही त्यांच्यासाठी सांगतो, पाठटाचण म्हणजे तास घेण्याआधी शिक्षकाने कागदावर मांडलेला बेत. सर निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण बेत मांडणं सुटलेलं नाही. उद्दिष्ट: भरायची वांगी. साहित्य: पिशवी. पूर्वज्ञान: मागच्या खेपेची अर्धी किडकी निघाली. मूल्यमापन: घरी चिरल्यावर. गॅस सिलिंडरवाला यायचा असला तरी आधी टाचण, मग दार.

मागच्या पावसाळ्यात सरांच्या पत्नी, आमच्या काकू, गेल्या. तेव्हापासून टाचणं वाढली. घरात विचारायला कोणी नाही, म्हणून माणूस कागदाला विचारतो, असं आपलं माझं मत.

मी बुटीबोरीच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. संध्याकाळी कंपनीची बस कोपऱ्यावर सोडते तेव्हा पायांत त्राण नसतं. अशाच एका संध्याकाळी मी बूट सोडत होतो, तर सर दारात उभे.

"मोकळा हायस का गा?"

या प्रश्नाला आजवर कोणी 'नाही' म्हटलेलं सरांनी ऐकून घेतलेलं नाही. ते आत आले, बसले आणि कागद उलगडला. वर लिहिलं होतं: 'घटक: गजाननला ईमेल.'

गजानन सरांचा जुना विद्यार्थी. काटोलकडच्या खेड्यातून शिकायला आलेला, वसतिगृहात राहणारा. दर रविवारी जेवायला सरांकडे. काकूंनी त्याला मुलासारखं खाऊ घातलं होतं. पुढे नोकरी, बंगलोर, मग परदेश, मग पुन्हा बंगलोर. मध्ये कित्येक वर्षं गेली, पत्ता नाही की फोन नाही. त्याच्या वर्गातला एकजण परवा सरांना बाजारात भेटला आणि त्याने गजाननचा ईमेल आणि फोन नंबर, दोन्ही लिहून दिले.

"मग सरळ फोन लावा ना सर," मी म्हणालो. थकलेला माणूस नेहमी सोपा रस्ता सुचवतो.

"फोनवर समोरचा मधातच बोलते. मले तास पुरा करू देत नाही. मेलच कर."

सरांचा ईमेल पेन्शनच्या कामासाठी कोणीतरी काढून दिलेला. पासवर्ड त्यांना तोंडपाठ. मी मोबाइलवर उघडला आणि आमचं भांडण विषयाच्या ओळीवरच सुरू झालं. सरांना 'आशीर्वाद' असा विषय हवा होता. मी म्हणालो, त्याला रोज ढीगभर मेल येत असतील, आशीर्वादाचा मेल तो उघडेल कशाला? शेवटी 'खापरे सर, नागपूर: भेटीबाबत' यावर तोड निघाली.

बाकी टाचण मात्र चोख होतं, हे कबूल करायला हवं. पूर्वज्ञान: मी तुझा मराठीचा शिक्षक, तू खिडकीजवळ बसायचास. विनंती: नागपुरात कधी येणार असशील तर भेट. वेळ: तू सांगशील ती, मला सकाळ बरी पडते. खाली घरचा पत्ता, फोन नंबर. आणि एक वाक्य: 'फोन करू नकोस, मेलवरच कळव.'

"उद्दिष्ट राहिलं सर. कशासाठी भेटायचं ते लिहा. नाहीतर तो घाबरेल."

"भेटीत कळन त्याले."

मेल गेला. दुसऱ्या दिवसापासून सर रोज संध्याकाळी हजर. "आला काय?" नाही. "आज?" नाही सर. मला बस कोपऱ्यावर थांबण्याआधीच त्यांचा पांढरा सदरा दिसायला लागला, आणि खरं सांगतो, राग यायचा. असाच वैतागून एकदा मी स्पॅमचं खोकं उघडलं, तर गजाननचं उत्तर तिथे पडलेलं. नको ते मेल आपोआप बाजूला टाकायची ती सोय आहे, हे मी सरांना समजावलं.

"पोराले वर्गाबाहेर कोनं उभं केलं?" सर कडाडले.

उत्तर सुरेख होतं. पुढच्या गुरुवारी तो बुटीबोरीच्याच एका कारखान्यात कामासाठी येणार होता. गुरुवारी संध्याकाळी उशिरापर्यंत बैठका, पण शुक्रवारी विमान दुपारचं, म्हणून सकाळ मोकळी. 'सकाळी घरीच येतो सर. तुमची तब्येत ठीक आहे ना? काकूंना नमस्कार. त्यांच्या हातची पाटवडी इतक्या वर्षांत कुठेच खाल्ली नाही. तेवढी करायला सांगाल?'

मी हे मोठ्याने वाचलं आणि वाचता वाचताच माझा आवाज उतरला. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"लिही. घरी रंगकाम सुरू आहे. सीताबर्डीले भेटू."

"सर, कुठलं रंगकाम?"

"तू लिही ना बे!"

मी लिहिलं. सीताबर्डीवरचं माडीवरचं हॉटेल, शुक्रवार, सकाळी दहा. वेळ, जागा, खालच्या दुकानाची खूण, सगळं. लगेच उलट उत्तर आलं: 'चालेल सर. काकूंनाही घेऊन या.'

आता माझ्याच्याने राहवेना. "सर, दोन ओळींत लिहून टाकतो. त्याला तरी असं अंधारात काहून ठेवता?"

"वाईट बातमी कागदावर देत नसतात. माणसानं जाऊन सांगायची असते."

"हा कागद कुठाय सर?"

"मंग तं बिलकुलच नाही." मग म्हणाले, "लिही. भेटू."

एवढाच मेल गेला. जाताना म्हणाले, "शुक्रवारी तू बी चाल. माह्यानं सांगणं नाही झालं तं तू सांगजो." मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

गजानन आमच्या आधी येऊन बसला होता. डोक्यावर निम्मे केस पांढरे. सरांना पाहून धावत आला, भर हॉटेलात पायाला हात लावला. टेबलाशी चार खुर्च्या. पंख्याखालची खुर्ची त्याने आपल्या रुमालाने पुसली, तिथे कोणाला बसू दिलं नाही, आणि जिन्याकडे बघत म्हणाला, "काकूले जिना चढाले वेळ लागत असंल. मी हात द्याले जाऊ काय?"

मी तोंड उघडलं. सरांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"काकू नाही येत गजानन. मागच्या पावसाळ्यात गेली ते."

गजानन टेबलावर डोकं टेकून हमसाहमशी रडायला लागला. चहा आणणारा पोऱ्या नव्हे, चांगला मिशीवाला वेटर ट्रे घेऊन तसाच उभा राहिला. सर गजाननच्या पाठीवरून हात फिरवत होते. स्वतः रडले नाहीत. जरा वेळाने गजाननने विचारलं, "कशी गेली सर?" आणि सरांनी सगळं सांगितलं. आजार, दवाखाना, शेवटची सकाळ. आम्हां शेजाऱ्यांना ते पाठ होतं, म्हणून आम्ही कधी विचारलं नव्हतं.

विमानाची वेळ झाली तसा गजानन निघाला. पुढच्या खेपेला घरीच उतरतो म्हणाला, आणि मला वाटतं तो उतरेलही.

आम्ही ऑटोत बसलो. मला बरं वाटत होतं. म्हणालो, "झालं सर एकदाचं. उगाच इतके दिवस जिवाला घोर."

सर बाहेर बघत होते. "तुमच्या सगळ्यांसाठी ते मागच्या वर्षीच गेली गा," ते म्हणाले. "पण बंगलोरात एक माणूस असा होता, त्याच्या लेखी ते अजून पाटवडी करून राहिली होती. आज म्या तिथूनबी तिले नेलं."

ऑटोवाल्याने कुठल्या गल्लीत वळू म्हणून विचारलं, ते मीच सांगितलं.